डबा गेटवर येण्याआधी

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं खरेदी विभागात होतो. एका दिवाळीत कंपनीनं ठरवलं की या वर्षीपासून कोणाकडूनही भेट घ्यायची नाही. निर्णय चांगला होता. पण पत्र निघालं धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे एक जुने पुरवठादार नेहमीप्रमाणे टेम्पोतून माल घेऊन आले. वय साठीच्या पुढं, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मालाबरोबर मिठाईचे सहा डबे होते. त्यांनी मेल पाहिलेलाच नव्हता. सुरक्षा रक्षकानं माल आत घेतला आणि डबे बाहेर ठेवायला सांगितले. काका काही बोलले नाहीत. डबे परत टेम्पोत ठेवून निघून गेले. त्यानंतर कित्येक महिने ते माल द्यायला मुलालाच पाठवत राहिले.

त्या पत्रात चूक एकही शब्द नव्हता. चूक होती वेळेची, आणि त्याहून मोठी चूक ही की पत्र लिहिणाऱ्यानं वाचणाऱ्याचा विचार केला नव्हता. आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत देत नाहीत, दोन लाडू नाहीतर चमचाभर साखर घालून देतात. अशा समाजात हातात धरलेला डबा नाकारणं हा अपमानच ठरतो. डबा विकत घेण्याआधीच ‘नको’ म्हटलं, तर तो अपमान होत नाही. भेटवस्तू न स्वीकारण्याच्या पत्राचं सगळं काम या फरकावर उभं आहे.

म्हणून पत्राची तारीख आधी ठरवावी, मजकूर नंतर. छोटे कारखानदार दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर साधारण दसऱ्याच्या सुमारास देतात. एकदा आगाऊ रक्कम दिली, डब्यांवर कंपनीच्या नावाचं स्टिकर छापून घेतलं, की ते डबे कोणाच्या तरी दारात जाणारच. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस असतात. पत्र घटस्थापनेच्या आसपास गेलं तर ते वेळेत पोचतं. दिवाळीच्या आठवडाभर आधी दोन ओळींची आठवण पाठवावी, त्यापेक्षा जास्त नको.

आता पुरवठादार भेट का देतो ते पाहू, कारण पत्राचा मजकूर त्यातूनच निघतो. माझ्या ओळखीच्या एका लेथ वर्कशॉपच्या मालकांनी एकदा मला हिशेब सांगितला होता. त्यांचं काम सहा कंपन्यांकडे. प्रत्येक कंपनीत खरेदी, क्वालिटी, स्टोअर, अकाउंट्स आणि गेट असे पाच डबे. सहाशे रुपयांचा एक डबा धरला तरी तीस डब्यांचे 18,000 रुपये झाले. शिवाय खरेदीच्या मोठ्या साहेबांना चांदीचं नाणं, ते वेगळं. त्यांच्याकडच्या एका हेल्परच्या महिन्याच्या पगाराएवढी ही रक्कम. मी विचारलं, “का देता मग?” ते म्हणाले, “साहेब, दिल्यानं काही मिळतं म्हणून नाही देत. न दिल्यानं काही अडेल म्हणून देतो.”

अडेल म्हणजे काय? माल क्वालिटीत दोन दिवस पडून राहील. बिलावर सही राहून जाईल. पुढची पर्चेस ऑर्डर शेजारच्या वर्कशॉपला जाईल. यातलं काहीही प्रत्यक्षात होत नसेल, पण भीती खरी असते. म्हणून ‘आमची कंपनी मूल्यांना बांधील आहे’ हे वाक्य त्या माणसाच्या काहीच उपयोगाचं नाही. त्याला एकच गोष्ट वाचायची असते: दिलं नाही तर माझं काही बिघडणार नाही ना?

अशा पत्रांचे दोन नमुने मी खूप पाहिले. पहिला असा: ‘कंपनीच्या धोरणानुसार कोणत्याही प्रकारच्या भेटवस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत याची नोंद घ्यावी. उल्लंघन झाल्यास व्यवहार खंडित करण्यात येईल.’ हे पत्र नाही, नोटीस आहे. ज्यानं अजून काहीच केलेलं नाही त्याला सणाच्या तोंडावर शिक्षेची भीती घालणं चांगलं नाही. वीस वर्षं माल देणाऱ्या माणसाला ते लागतं. दुसरा नमुना अगदी उलट: ‘शक्यतो महागड्या भेटवस्तू टाळाव्यात ही नम्र विनंती.’ हे पत्र फार सभ्य आहे आणि पूर्ण निरुपयोगी आहे. ‘शक्यतो’ म्हटलं की ज्याला शक्य नाही तो पाठवणारच. ‘महागड्या’ म्हटलं की प्रत्येक जण आपली भेट साधीच समजणार. दोनशेचा डबा चालतो तर पाचशेचा का नाही, आणि पाचशेचा चालतो तर नाणं का नाही, हा वाद पुढं खरेदी विभागातल्या सर्वांत नव्या मुलाच्या टेबलावर येऊन पडतो.

मराठीत एक बारीक फरक आहे, तो लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवावा. ‘आम्ही भेट स्वीकारू शकत नाही’ आणि ‘आम्ही भेट स्वीकारत नाही’ ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण वाचणारा ती वेगळी वाचतो. ‘शकत नाही’ यात नाइलाज ऐकू येतो. मनातून हवं आहे, पण वरून बंदी आहे, असा अर्थ निघतो, आणि मग माणूस आपुलकीनं मार्ग शोधतो: कंपनीत नको तर घरी पाठवतो. ‘स्वीकारत नाही’ यात रीत आहे. कोणी मांसाहार करत नाही म्हटल्यावर आपण आग्रह करत नाही, तसं. म्हणून निर्णय सांगताना साधं विधान करावं. विनंतीचा सूर ‘पाठवू नये’ इथं ठेवावा. निर्णय कंपनीचा आहे, तो विनंती म्हणून मांडला की वाटाघाटीला जागा होते.

हे सगळं धरून पुरवठादारांना लिहिलेलं एक पत्र असं होईल:

विषय: या दिवाळीत भेटवस्तू पाठवू नये, ही विनंती

सप्रेम नमस्कार,

दिवाळी जवळ आली आहे. वर्षभर तुम्ही वेळेवर माल दिलात, अडचणीच्या वेळी रात्रीही मशीन चालू ठेवलेत, याची आम्हाला जाणीव आहे. मनापासून आभार.

आमची कंपनी सणाच्या निमित्ताने कोणाकडूनही भेट स्वीकारत नाही. मिठाई, सुकामेवा, चांदीचे नाणे, कपडे, कूपन, रोख किंवा ऑनलाइन पाठवलेली रक्कम, हे सर्व यात आले. हा नियम संचालकांपासून गेटवरील सुरक्षा रक्षकापर्यंत सर्वांना सारखा आहे. भेट कंपनीत आली किंवा कोणाच्या घरी गेली, तरी नियम तोच राहतो.

भेट न देण्याचा तुमच्या ऑर्डरवर, मालाच्या तपासणीवर किंवा बिलावर कोणताही परिणाम होणार नाही. ज्या बिलांची मुदत दिवाळीपर्यंत पूर्ण होते, ती धनत्रयोदशीपूर्वी चुकती करण्यास हिशेब विभागाला सांगितले आहे.

एखादी भेट आलीच, तर ती आभारासह परत पाठवू. मिठाई परत पाठवण्यासारखी नसेल, तर ती जवळच्या वृद्धाश्रमाला देऊन तुम्हाला तसे कळवू. आमच्यापैकी कोणी तुमच्याकडे भेट मागितली, तर कृपया मला थेट फोन करा. तुमचे नाव माझ्याजवळच राहील.

तुमच्या शुभेच्छा मात्र आम्हाला हव्या आहेत. पाडव्यानंतर सवडीने चहाला जरूर या.

आपला,
(संचालकांचे नाव आणि मोबाइल क्रमांक)

विषयाच्या ओळीतच मुद्दा सांगितला आहे, कारण बहुतेक पुरवठादार मेल मोबाइलवर पाहतात आणि पुष्कळदा तेवढी ओळच वाचतात. ‘दीपावलीच्या शुभेच्छा’ असा विषय दिला तर त्या आठवड्यात आलेल्या पन्नास शुभेच्छांत हे पत्र हरवतं. सही संचालकाची हवी. खरेदी अधिकाऱ्याच्या सहीनं गेलेलं पत्र वाचून पुरवठादाराला वाटतं की हा वरच्यांना दाखवण्यासाठी पाठवतोय. भेट ज्याला मिळते त्यानंच नको म्हणणं आणि त्याच्या वरच्यानं नको म्हणणं यांत मोठं अंतर आहे.

वस्तूंची यादी मुद्दाम दिली आहे. ‘कोणत्याही स्वरूपाची भेट’ एवढंच लिहिलं तर मिठाई ही भेट नसून प्रसाद आहे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते मनापासून तसं मानतात. घरचा उल्लेख तर टाळूच नये. कंपनीचं गेट बंद झालं की डबे घरच्या पत्त्यावर जातात, आणि तिथं दार उघडणाऱ्या मुलांना किंवा आईवडिलांना कंपनीचं धोरण माहीत नसतं.

बिलाची ओळ हा या पत्राचा गाभा आहे, आणि ती खरी असेल तरच लिहावी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकती करावीत, असं 2006 चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. 2023-24 या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यात कलम 43बी(एच) आलं, आणि अशा उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळणं बंद झालं. ते प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा होतात. म्हणजे वेळेवर पैसे देणं ही कंपनीची मेहेरबानी नाही, कर्तव्य आहे. तरीही ज्याला दिवाळीत कामगारांना बोनस द्यायचा आहे, त्याला या एका वाक्यानं जो दिलासा मिळतो तो आभाराच्या चार परिच्छेदांनी मिळत नाही. त्याच्या भेटीमागं जी भीती होती, ती या ओळीनं सुटते.

भेट घेणं हा गुन्हा आहे का, असं लोक विचारतात. समोर सरकारी नोकर असेल तर 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ज्या व्यापारी संस्थेच्या वतीनं ती दिली गेली त्या संस्थेवरही जबाबदारी येते. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांचे कर्मचारी त्यात येतातच. खासगी बँकांचे अधिकारीही या कायद्यापुरते लोकसेवक ठरतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये स्पष्ट केलं. पण एका खासगी कारखान्यानं दुसऱ्या खासगी कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याला नाणं दिलं, तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात खासगी व्यवहारातली लाचही गुन्हा आहे. त्यामुळे तिथल्या कंपन्यांना माल देणारे आपल्याकडचे कारखाने ही पत्रं जास्त काळजीनं पाठवतात. बाकीच्यांसाठी कायदा गप्प आहे, म्हणून कंपनीनं स्वतः लिहून दिलेला नियम हाच तिथला नियम ठरतो. तो मोघम लिहून चालत नाही.

कराची एक बाजू पुरवठादारांना सहसा माहीत नसते. भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो भार पूर्ण देणाऱ्यावर पडतो. आणि 1 जुलै 2022 पासून प्राप्तिकर कायद्यात आलेल्या तरतुदीनुसार, व्यवसायाच्या संबंधातून एखाद्याला वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीचा लाभ दिला तर देणाऱ्यानं 10 टक्के टीडीएस भरायचा असतो. मिठाईच्या डब्याला याची झळ लागत नाही. मोबाइल, सोन्याचं नाणं, सहल अशा भेटींना लागते. हे पत्रात लिहायची गरज नाही. पण कोणी ‘मग मोठ्या साहेबांना तरी काही देऊ द्या’ असा आग्रह धरला तर तोंडी सांगायला उपयोगी पडतं.

ग्राहकांना पाठवायचं पत्र वेगळं हवं. एकच मेल सगळ्यांना बीसीसी करून पाठवणं सोपं असतं, पण ग्राहकाला आपल्या बिलांबद्दल किंवा मालाच्या तपासणीबद्दल सांगण्यात काही अर्थ नसतो. ग्राहक पाठवतो ती बहुतेकदा शाबासकी असते: वेळेत काम केलं म्हणून विभागातल्या मुलांना मिठाई. तिथं तीन-चार वाक्यं पुरतात. ‘तुमच्या विश्वासाबद्दल आभार. आमच्या कंपनीत सणानिमित्त कोणीही भेट स्वीकारत नाही, त्यामुळे या वर्षी काही पाठवू नये ही विनंती. आमच्या एखाद्या सहकाऱ्याचे काम आवडले असेल, तर त्याच्या नावाने दोन ओळी लिहून पाठवा, त्या आम्ही त्याला सर्वांसमोर वाचून दाखवू.’ ही शेवटची ओळ लिहिली की कौतुक करू पाहणाऱ्याला रस्ता मिळतो, आणि दोन ओळींचं ते पत्र मुलांनी वर्षानुवर्षं जपलेलं मी पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगायची आहे. जी कंपनी पुरवठादारांना असं पत्र पाठवते आणि त्याच आठवड्यात आपल्या मोठ्या ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याला चांदीची नाणी पाठवते, तिनं हे पत्र पाठवू नये. पुरवठादार आणि ग्राहक यांचे ड्रायव्हर एकाच टपरीवर चहा पितात. बातमी दुपारपर्यंत पोचते आणि पुढच्या वर्षी पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्र गेल्यावर खरी परीक्षा फोनवर होते. दोन-तीन दिवसांत कोणीतरी जुना पुरवठादार फोन करतो: “साहेब, पत्र मिळालं. पण खरंच नको ना?” तो चाचपून पाहतो आहे. इथं खरेदी अधिकारी हसून “अहो, वरून सांगितलंय, पाठवावं लागतं” म्हणाला की पत्र तिथंच संपलं. “खरंच नको. तुमचं ऑगस्टचं बिल पास झालंय, गुरुवारी पैसे जमा होतील,” असं उत्तर दिलं की तो माणूस सुटतो. म्हणून पत्र बाहेर जाण्याआधी खरेदी, क्वालिटी, स्टोअर आणि अकाउंट्सच्या लोकांना एकत्र बसवून ते वाचून दाखवावं, आणि फोनवर काय बोलायचं ते ठरवून घ्यावं. वर्षानुवर्षं दिवाळीत घरी डबे नेणाऱ्या कर्मचाऱ्याला हे आवडत नाही, हेही गृहीत धरावं. कंपनीनं स्वतः आपल्या लोकांना फराळ आणि भेट नीट दिली तर ती नाराजी बरीच कमी होते.

दुसरी जागा गेटची. डबा घेऊन येणारा बहुतेकदा डिलिव्हरीचा मुलगा असतो, मेल त्याला गेलेला नसतो. सुरक्षा रक्षकाकडे पत्राची मराठी आणि हिंदी प्रत असावी. “दादा, डबा आत घेत नाही, हे पत्र मालकांना द्या,” एवढं त्यानं नम्रपणे बोलावं. रजिस्टरमध्ये तारीख, पाठवणाऱ्याचं नाव, वस्तू आणि ती परत दिल्याची नोंद एवढे चार रकाने पुरतात. त्याच संध्याकाळी पाठवणाऱ्याला कंपनीतून फोन जायला हवा. परत गेलेल्या डब्यामागून माणसाचा आवाज गेला नाही तर काकांसारखं होतं.

पेढे आणि खव्याची बर्फी दोन-तीन दिवसांत उतरते, कुरियरनं परत पाठवून उपयोग नाही. काही कंपन्या आलेल्या सगळ्या वस्तू एकत्र करून कर्मचाऱ्यांत चिठ्ठ्या टाकतात. मला ही पद्धत पटत नाही. पाठवणाऱ्याच्या दृष्टीनं भेट पोचली आणि घेतली गेली, ती कोणाच्या घरी गेली याच्याशी त्याला घेणं नसतं, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पाठवतो. वृद्धाश्रमाला किंवा वसतिगृहाला दिली आणि त्याची पावती पाठवणाऱ्याच्या नावानं त्याला पाठवली, तर भेट वाया जात नाही आणि नियमही मोडत नाही.

नियम रुजतो आहे की नाही, हे गेटच्या रजिस्टरवरून कळतं, पण अर्धंच. पहिल्या वर्षी तीस-चाळीस नोंदी, दुसऱ्या वर्षी दहा आणि तिसऱ्या वर्षी दोन-तीन असा उतार दिसायला हवा. पहिल्याच वर्षी एकही नोंद झाली नाही तर आनंद मानू नये. डबे घरी जात आहेत, अशी शंका घ्यावी. घरी आलेल्या भेटीचा फोटो काढून त्याच दिवशी वरिष्ठांना कळवायचा, हा नियम कर्मचाऱ्यांना आधीच सांगितलेला असावा. आणि असं कळवणाऱ्यावर संशय घेऊ नये. कळवतो तोच नियम पाळत असतो.

हे पत्र या वर्षी तुमच्या कंपनीतून जाणार असेल, तर एक काम आधी करा. मजकूर संचालकांकडे सहीला नेण्यापूर्वी अकाउंट्समधून मुदत उलटलेल्या बिलांची यादी मागवा. त्या यादीत छोट्या पुरवठादारांची नावं असतील तर पैसे आधी जमा करा आणि मग पत्र पाठवा.